दहावीचा प्रकल्प: बंद टीव्ही, रिकामे चार्जर आणि पंखे किती वीज खातात? (आकडे पटत नाहीयेत)

कोरांटी
रविवार, रात्री ९:४०

लेक दहावीला आहे. शाळेने ऊर्जेवर प्रकल्प दिलाय: घरातली उपकरणं बंद असूनही प्लग चालू राहिला तर किती वीज जाते ते मोजायचं आणि महिन्याचे पैसे काढायचे. चार्जर, टीव्ही आणि पंखे एवढंच घ्यायला सांगितलंय. सोपं वाटलं होतं.

शेजारच्या वायरमनदादांकडे क्लॅम्प मीटर आहे. त्यांनी टीव्हीची एक वायर त्याच्या चिमट्यात धरून बघितलं. टीव्ही रिमोटने बंद, फक्त लाल दिवा चालू. मीटरवर ०.०४ अँपिअर आले. लेकीने २३० ने गुणलं, ९.२ वॅट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ६.६ युनिट. आमच्या बिलातला वरचा दर धरून महिन्याला पाऊणशे रुपये! ती एकदम खूष, तक्ता रंगवायलाच बसली.

मग मी टीव्हीची पुस्तिका काढली. त्यात स्टँडबाय ०.५ वॅटपेक्षा कमी असं छापलंय. कुठे सव्वानऊ आणि कुठे अर्धा? कंपनी खोटं लिहिते की आमचं काही चुकतंय? चार्जर आणि पंख्याला तर त्याच मीटरवर ०.०० आलं. आम्ही कराडला राहतो, वीज महावितरणची, मीटर व्हरांड्यात आहे.

शेंगदाणे
रविवार, रात्री १०:०५

कंपन्या पुस्तिकेत काहीही छापतात, गाडीचं मायलेज छापतात तसंच. मीटरवर दिसतं ते खरं. फक्त एक करा, पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खरोखर खर्च होणारा वाटा, विसरू नका. ०.८ ने गुणा. ९.२ गुणिले ०.८ म्हणजे ७.४ वॅट. हेच उत्तर.

बंडूनाना
रविवार, रात्री १०:३०

आमचं बिल गेल्या महिन्यात दुप्पट आलं. तक्रार केली तर म्हणाले मीटर बरोबर आहे, उन्हाळा आहे. घरात माणसं दोन. हा स्टँडबायचाच प्रकार असेल का? सगळे चार्जर काढून ठेवले आहेत आता.

जुनाटेस्टर
सोमवार, सकाळी ७:१५

कोरांटीताई, तुमचा क्लॅम्पही खोटं बोलत नाही आणि पुस्तिकाही नाही. दोघं वेगवेगळी गोष्ट सांगतायत. मी मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

टीव्हीच्या आत वीज शिरते तिथेच, गोंगाट गाळण्यासाठी एक कपॅसिटर आडवा बसवलेला असतो. लाल दिवा चालू असो वा नसो, प्लगमध्ये वीज आहे तोवर तो काम करतो. ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून साधारण ३४ मिलीअँपिअर धारा जाते. तुमच्या ०.०४ मधला बहुतेक भाग हाच. पण ही धारा वीज खात नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि लगेच तीच वाटी परत द्यायची, सेकंदाला शंभर वेळा. तुमचा क्लॅम्प दारातली ये-जा मोजतो. घरात साखर किती संपली हे त्याला कळत नाही.

शेंगदाणे, पॉवर फॅक्टर आठवला हे बरोबर. पण ०.८ हा काही सगळ्या उपकरणांचा गोत्रोच्चार नाही. स्टँडबायमधल्या टीव्हीला तो ०.०५ च्या आसपासही असू शकतो. तो न मोजता कुठलाही आकडा घेतला तर उत्तर हवेतलं.

घरचं मीटर मात्र खरोखर संपलेली साखरच मोजतं. त्याच्यावर लाल एलईडी लुकलुकते ना, तिच्या शेजारी 3200 imp/kWh किंवा असंच काही छापलेलं असेल. म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. एका लुकलुकीला ०.३१२५ वॅट-तास. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, वॅट मिळाले. तुमच्यावर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.

आता खरी अडचण. अर्ध्या वॅटला एक लुकलुक व्हायला २२५० सेकंद, म्हणजे साडेसदतीस मिनिटं. शिवाय प्रत्येक मीटरची एक सुरुवातीची धारा असते, त्याखाली ते मोजणी सुरूच करत नाही. म्हणून फक्त टीव्ही लावून लुकलुक झाली नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अजून वेळ झाली नाही की मीटर झोपलंय, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

उपाय असा: मीटरला जागं ठेवायला एक ठरलेलं ओझं लावा. घरात जुना पिवळा झिरोचा बल्ब असेल तर उत्तम. झिरो हे फक्त नाव, तो बारा ते पंधरा वॅट खातो. आधी एकटा बल्ब मोजा, मग बल्ब आणि टीव्ही. वजाबाकी करा.

आणि एक विनंती. त्या वायरमनदादांनी एक वायर सुटी करायला एक्स्टेन्शनचं वरचं आवरण कापलं असेल. ती दोरी फेकून द्या, पोरीच्या हातात देऊ नका. अख्ख्या दुहेरी केबलीला चिमटा लावला तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना मारतात आणि शून्य येतं. चार्जरला आणि पंख्याला तसंच झालं होतं का तेही विचारा.

कोरांटी
सोमवार, दुपारी २:१०

काका, अगदी तसंच! टीव्हीसाठी त्यांच्याकडची कापलेली दोरी वापरली होती, चार्जरच्या वेळी घाईत आमच्या साध्या एक्स्टेन्शनलाच चिमटा लावला. पंख्याला तर स्विचबोर्डातून बाहेर आलेल्या दोन्ही वायरी एकत्र धरल्या. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलंय. आजच रात्री करतो.

तिरफळ
सोमवार, दुपारी ३:००

पंख्याचा विषय निघालाय म्हणून विचारते, पंखा दोनवर ठेवला तर पाचपेक्षा वीज कमी लागते का? सासूबाई म्हणतात रेग्युलेटर वीज जाळतो, काही फरक नाही.

जुनाटेस्टर
सोमवार, संध्याकाळी ६:२०

तिरफळताई, हा स्टँडबायचा प्रश्न नाही, पण सासूबाई त्यांच्या काळासाठी बऱ्याच अंशी बरोबर आहेत. जुना, हाताला गरम लागणारा चौकोनी डबा असेल तर पंख्याची वाचलेली वीज बरीचशी त्या डब्यात उष्णता होऊन जाते. थोडी वाचते, वाटते तेवढी नाही. आताच्या छोट्या बटणातल्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, तिथे खरंच वाचते.

साधा छताचा पंखा भिंतीवरच्या बटणाने बंद केला तर त्याचा स्टँडबाय शून्य. वायरच तुटली, मोजायचं काय? रिमोटवाला बीएलडीसी पंखा मात्र वेगळा. रिमोटने बंद केला तरी आतलं सर्किट रिमोटची वाट बघत जागं असतं. कोरांटीताईंकडे तसा असेल तर तोच मोजा.

कोरांटी
मंगळवार, रात्री ११:५५

काल रात्रीचा पूर्ण बट्ट्याबोळ सांगते.

फ्रिज बंद केला, राउटर काढला, सगळी बटणं बंद. मीटरवर एकही लुकलुक नको होती. तरी दर सत्तर सेकंदांनी लुकलुक! लेक म्हणाली ११२५ भागिले ७०, सोळा वॅट. घरभर टॉर्च घेऊन फिरलो. देवघरातला दिवा बंद, पाण्याचा फिल्टर बंद, बेलचं बटणसुद्धा बघितलं. शेवटी यांना आठवलं, जिन्याखालचा इन्व्हर्टर! बॅटरी भरलेली असली तरी तो तिला थोडं थोडं पाजत असतो.

मग इन्व्हर्टरचा प्लग काढला. लुकलुक थांबली. विजयी मुद्रेने टीव्ही स्टँडबायवर लावला आणि पाऊण तास मीटरसमोर बसलो. एकही लुकलुक नाही. लेकीने वहीत लिहिलं, टीव्ही = ०. साडेअकराला धाकट्याने टीव्ही खरोखर चालू केला, तरीही मीटर ढिम्म. तेव्हा ट्यूब पेटली. हॉलचे दिवे, पंखे आणि टीव्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर आहेत. प्लग काढल्यावर टीव्ही बॅटरीवर चालला होता. मीटरला काय दिसणार, कपाळ!

शेंगदाणे
बुधवार, सकाळी ८:१०

हाहा. वाचवायची हीच युक्ती, सगळं घर बॅटरीवर चालवा.

जुनाटेस्टर
बुधवार, सकाळी ८:५०

आणि मग ती बॅटरी भरायला जास्त युनिट द्या.

ताई, ही चूक प्रकल्पात जशीच्या तशी लिहा. परीक्षकाला हे वाचून कळेल की मुलीने स्वतः मोजलंय. आता असं करा. इन्व्हर्टरचा प्लग काढलेलाच ठेवा, आणि टीव्ही जिथे बॅटरी पोचत नाही अशा सॉकेटवर न्या. फ्रिजचं सॉकेट बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर नसतं. फ्रिज दोन तास बंद राहिला तर काही बिघडत नाही, दार उघडू नका. बल्बही तिथेच लावा.

मोजताना दोन गोष्टी. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणा, एक नाही. पुढची एक, अशा दहा. नाहीतर दहा लुकलुकींत नऊच अंतरं येतात आणि दहा टक्के चूक पहिल्याच पायरीवर. दुसरं, डोळ्यांनी मोजू नका. फोन मीटरसमोर टेकवून व्हिडिओ काढा, नंतर त्यावरच्या वेळा लिहा. पाऊण तास टक लावून बसलं की माणूस एखादी लुकलुक गाळतोच.

म्युनिककर
बुधवार, दुपारी १२:३०

एवढा खटाटोप कशाला? इथे दुकानात सॉकेटमध्ये बसणारं वॅटमीटर मिळतं, भारतातही ऑनलाइन मिळतं. माझ्या टीव्हीला ०.० दाखवतं. युरोपात २०१३ पासून अशा उपकरणांना स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे नवी उपकरणं जवळजवळ शून्यच. चार्जरचंही तेच, ०.०. प्रकल्पाचा निष्कर्ष तयार.

जुनाटेस्टर
बुधवार, दुपारी ४:४०

मर्यादेचं खरं. पण ०.० म्हणजे शून्य नव्हे. स्वस्तातली ही मीटरं एक-दोन वॅटच्या खाली नीट वाचत नाहीत, काही तर ठरावीक मर्यादेखाली सरळ शून्यच दाखवतात. तुमच्याकडचं तपासायचं असेल तर आधी एक बल्ब लावा, मग त्याच पट्टीवर दहा चार्जर लावून आकडा किती वाढतो ते बघा. शून्यात शून्य दहा वेळा मिळवलं तर शून्यच यायला हवं.

म्युनिककर
बुधवार, रात्री ११:१०

घरातले सहा चार्जर मिळाले. बल्बबरोबर आकडा ०.४ ने वाढला. शब्द मागे घेतो.

कोरांटी
शनिवार, रात्री १०:२०

झालं एकदाचं. तीन संध्याकाळी गेल्या. टीव्हीचं सविस्तर लिहिते, कारण गंमत तिथेच झाली.

झिरोचा बल्ब एकटा: दहा लुकलुकींना ८०४ सेकंद. म्हणजे ११२५० भागिले ८०४, १४.० वॅट. (दहा अंतरं म्हणून ११२५ च्या दहापट.)

बल्ब आणि स्टँडबायवरचा टीव्ही: ७७४ सेकंद, १४.५ वॅट. लेक लगेच म्हणाली, अर्धा वॅट, पुस्तिका बरोबर! पण मला राहवेना, मी टीव्ही काढून पुन्हा एकटा बल्ब मोजायला लावला. आता ७८८ सेकंद आले, १४.३ वॅट. बल्ब तोच, खोली तीच. मग टीव्हीचा आकडा अर्धा वॅट की पाव?

जुनाटेस्टर
शनिवार, रात्री १०:५५

शाबास, पुन्हा मोजलंत हे सगळ्यांत महत्त्वाचं. बल्ब बदलला नाही, व्होल्टेज बदललं. पिवळ्या बल्बची वीज व्होल्टेजपेक्षाही जास्त वेगाने वाढते. १४.० चे १४.३ व्हायला फक्त तीन-चार व्होल्ट पुरतात, आणि रात्री शेजारपाजारचे पंप-मिक्सर बंद झाले की तेवढं चढतंच.

म्हणून नेहमी बल्ब, टीव्ही, बल्ब असं मोजायचं आणि आधीच्या-नंतरच्या बल्बची सरासरी घ्यायची. तुमची सरासरी १४.१, म्हणजे टीव्ही ०.४ वॅट. पण त्यापुढे इमानदारीने "अधिक-उणे ०.२" लिहा. याहून बारीक उत्तर या पद्धतीत मिळत नाही. इतक्या कमी भाराला मीटरच्या अचूकतेची हमीही कोणी देत नाही. वजाबाकीत ती चूक बरीचशी कटते, पूर्ण नाही.

झिरोऐवजी नऊ वॅटचा एलईडी बल्ब वापरला तर बरं. त्याच्या आतलं सर्किट व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी वीज जवळपास तेवढीच ठेवतं.

शेंगदाणे
शनिवार, रात्री ११:२०

इथे मात्र काकांशी असहमत. मी एलईडी बल्ब दुरुस्त करतो. शंभराच्या आतले बरेच बल्ब साध्या सर्किटवर असतात, त्यांची वीज व्होल्टेजबरोबर हलतेच. आणि बल्ब तापला की वीज उतरते ती वेगळीच. झिरोचा बल्ब निदान एका मिनिटात स्थिर होतो.

जुनाटेस्टर
रविवार, सकाळी ७:४०

तापण्याचं मान्य. वीस-पंचवीस मिनिटं आधी लावून ठेवावा लागेल. स्वस्त सर्किटांबद्दल तुमचा अनुभव माझ्यापेक्षा ताजा आहे. मोजून बघितल्याशिवाय मीही छातीठोक सांगणार नाही.

कोरांटी
रविवार, सकाळी ११:३०

आता बाकीचं. टीव्ही ०.४ निघाल्यावर लेकीचा चेहरा उतरला, रंगवलेला तक्ता वाया गेला. मग तिलाच सुचलं की टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्सही आपण रिमोटनेच बंद करतो. शाळेच्या यादीत तो नाही, पण टीव्हीबरोबर आहेच. बल्ब आणि "बंद" बॉक्स: दहा लुकलुकींना ४८६ सेकंद. २३.१ वॅट! बल्ब वजा करून नऊ वॅट. नंतर बॉक्स खरोखर चालू करून मोजला तर ९.८. म्हणजे रिमोटने बंद केल्यावर जेमतेम पाऊण वॅट कमी होतो. लाल दिवा लागतो एवढंच. बॉक्सवर हात ठेवला तर सकाळीही कोमट असतो, इतकी वर्षं मांजर त्यावर का झोपतं ते आता कळलं.

फोनचे चार्जर एकेकटे मोजता आलेच नाहीत, फरक चुकीतच बुडून जातो. म्हणून शेजारून मागून आणून आठ एका पट्टीवर लावले. आठ मिळून अर्धा वॅट. एकाला ०.०६ येतं, पण लेकीने "०.१ पेक्षा कमी" असं लिहिलंय. मात्र आजोबांच्या रेडिओचा जुना काळा जड अडॅप्टर, जो कायम भिंतीला लटकलेला असतो, तो एकटा १.७ वॅट निघाला. रेडिओ लावलेला नसताना!

पंखे दोन. खालचा साधा, भिंतीच्या बटणाने बंद, तो मोजलाच नाही. वरच्या खोलीतला बीएलडीसी (वरची लाईन इन्व्हर्टरवर नाही) रिमोटने बंद असताना ०.८ वॅट.

आता पैशांचं अडलंय. हे म्हणतात, बिलाची रक्कम भागिले युनिट, तो दर घे.

जुनाटेस्टर
रविवार, दुपारी १:१५

तो दर चुकेल. बिलात स्थिर आकार असतो, तो चार्जर काढला तरी तेवढाच राहतो. आणि पहिले १०० युनिट स्वस्त, पुढचे महाग. तुम्ही सात युनिट वाचवलेत तर ते वरच्या टोकाचे कमी होतात, तळातले नाहीत. तुमचा महिन्याचा वापर किती?

कोरांटी
रविवार, दुपारी १:४०

साधारण १८५ युनिट. प्रकल्पासाठी जे बिल घेतलंय ते २०२४-२५ मधलं आहे.

जुनाटेस्टर
रविवार, दुपारी २:१०

मग १०१ ते ३०० च्या टप्प्यातला दर घ्या. त्या वर्षी वीज आकार १०.२९ आणि वहन आकार १.१७, मिळून ११.४६. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, झाले १३.२९ रुपये. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो सोडून दिलाय असं एका ओळीत लिहा. आणि आता दर बदललेत, तेव्हा बिलाचं वर्ष तक्त्यावर हवंच.

कोरांटी
रविवार, संध्याकाळी ७:३०

लेकीचा हिशेब इथे टाकते. टीव्ही दिवसाला चार तास चालतो, म्हणून वीस तास बंद धरला.

सेट-टॉप बॉक्स ९ वॅट, वीस तास, तीस दिवस: ५.४ युनिट, ७२ रुपये.
रेडिओचा अडॅप्टर १.७ वॅट, चोवीस तास: १.२२ युनिट, १६ रुपये.
पंखा ०.८ वॅट, चौदा तास: ०.३४ युनिट, साडेचार रुपये.
टीव्ही ०.४ वॅट, वीस तास: ०.२४ युनिट, तीन रुपये.
घरातले चार चार्जर मिळून: ०.१७ युनिट, सव्वादोन रुपये.

सगळे मिळून ७.३७ युनिट, ९८ रुपये. गंमत बघा, पहिल्या दिवशी क्लॅम्पने ७६ रुपये टीव्हीच्या नावावर टाकले होते. जवळपास तेवढेच ७२ निघाले, पण शेजारच्या डब्याच्या नावावर. निव्वळ योगायोग! दुसऱ्यांदा मोजलं नसतं तर आम्ही टीव्हीचा प्लग काढत बसलो असतो आणि बॉक्स तसाच राहिला असता.

तिरफळ
रविवार, रात्री ८:०५

आमचा वापर महिन्याला नव्वदच्या आसपास असतो. मग आम्हालाही ९८ रुपयेच वाचतील का?

शेंगदाणे
रविवार, रात्री ८:२०

नाही. तुम्ही शंभराच्या आत आहात. त्याच वर्षीचा तुमचा दर ४.७१ अधिक १.१७, शुल्कासह ६.८२. तेच ७.३७ युनिट तुम्हाला पन्नास रुपयांना. बरोबर ना काका? मात्र वापर १०४ असेल तर चार युनिट महाग दराचे आणि बाकीचे स्वस्त दराचे वाचतील.

जुनाटेस्टर
रविवार, रात्री ८:४५

बरोबर.

बंडूनाना
रविवार, रात्री ९:१०

मग माझं दुप्पट बिल चार्जरमुळे नाही तर?

जुनाटेस्टर
रविवार, रात्री ९:३०

नाना, चार्जरने बिल दुप्पट व्हायला तुमच्या घरात चार्जरचं गोदाम हवं. घराचा मुख्य स्विच बंद करा आणि मीटरची एलईडी अर्धा तास बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटरपासून मुख्य स्विचपर्यंतच्या वायरीवर कोणीतरी लोंबकळतंय किंवा गळती आहे, तेव्हा लेखी तक्रार करा. लुकलुक थांबली तर घरातच शोधा, गीझर आणि पाण्याच्या पंपापासून सुरुवात करा. आणि बिलावर किती दिवसांचं रीडिंग आहे तेही बघा.

म्युनिककर
रविवार, रात्री ९:५०

एक शंका राहिलीच. एकटा टीव्ही इतका कमी की मीटर मोजत नाही, मग त्या ०.२४ युनिटचे पैसे लागतात तरी का?

जुनाटेस्टर
रविवार, रात्री १०:१५

रात्रभर घरात दुसरं काहीच चालू नसेल तर कदाचित लागत नसतील. पण फ्रिज, राउटर, एखादा पंखा चालू असला की मीटर जागंच असतं आणि टीव्हीचे ०.४ त्यात मिसळून मोजले जातात. कोरांटीताईंच्या इन्व्हर्टरने तर मीटरला कधीच झोपू दिलं नसतं. त्या इन्व्हर्टरचे सोळा वॅट चोवीस तास धरले तर महिन्याला साडेअकरा युनिट होतात, म्हणजे या अख्ख्या यादीपेक्षा जास्त. पण तो आकडा एकाच अंतरावरून काढलाय आणि बॅटरीच्या भरलेपणावर हलतो, म्हणून यादीत घालू नका. मोजायचाच तर तीन वेगवेगळ्या दिवशी.

कोरांटी
मंगळवार, रात्री १०:४०

इन्व्हर्टर सध्या नको, शुक्रवारी वही द्यायची आहे.

बॉक्सचं बटण रात्री भिंतीवर बंद करायला लागलो. पहिल्याच सकाळी आजोबांचा आवाज, कारण तो चालू व्हायला चार मिनिटं घेतो आणि तोवर बातम्यांचे मथळे संपतात. आता ते उठल्याबरोबर चहाच्या आधी बटण दाबून येतात. अडॅप्टर मात्र काढू देत नाहीत. सोळा रुपये मी देईन म्हणाले.

शेंगदाणे आणि काका, तुमच्या वादासाठी लेकीने नऊ वॅटचा एलईडी बल्ब एकटा लावून पाच-पाच लुकलुकी मोजल्या. पहिल्या पाचांना ६०२ सेकंद, मग ६२८, मग ६३६, मग ६३७. म्हणजे ९.३ वॅटवरून वीस-पंचवीस मिनिटांत ८.८ वर येऊन थांबला. तापण्याचं दोघांचंही खरं निघालं. व्होल्टेजचं तपासता आलं नाही, त्या रात्री लुकलुकी इतक्या सारख्या आल्या की व्होल्टेज हललंच नसावं. वायरमनदादांच्या मीटरवर व्होल्टही दिसतात म्हणे, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला ते स्वतः सॉकेटवर बघून देणार आहेत. आले की टाकते.